खैरनार सरांचं वेलकम स्पीच

खैरनार सरांचं वेलकम स्पीच चोवीस वर्षांचं झालं होतं. शाळेतले निम्मे शिक्षक त्याच्यानंतर नोकरीला लागले होते. दर डिसेंबरमध्ये स्नेहसंमेलनाची तारीख ठरली, की सर कपाटातून ती निळी फाइल काढायचे, त्यातली तीन पानं झेरॉक्स करायचे आणि नववीतल्या एखाद्या खणखणीत आवाजाच्या पोराच्या हातात ठेवायचे. वर्ष बदलायचं, प्रमुख पाहुण्यांचं नाव बदलायचं, पोर बदलायचं. बाकी एका स्वल्पविरामालाही कोणी हात लावत नसे. शाळा सिडकोतली, मराठी माध्यमाची, मांडवात बसणारे पालक सातपूर-अंबडच्या कंपन्यांत जाणारे; पण स्वागत इंग्रजीतूनच व्हायचं. तेवढी एक ऐट शाळेनं राखली होती आणि तिचे राखणदार होते पुंजाराम खैरनार सर.

‘ऑन धिस ऑस्पिशस ओकेजन, इट इज माय प्रोफाउंड प्रिव्हिलेज टू एक्स्टेंड अ मोस्ट कॉर्डियल वेलकम टू द ल्युमिनरीज ऑन द डायस,’ अशी भाषणाची सुरुवात होती. मांडवात कोणाला काही कळायचं नाही, पण पोरगं थांबलं की टाळ्या जोरात पडायच्या. न कळलेल्या गोष्टीला आपली माणसं जरा जास्तच टाळ्या वाजवतात. बोलणाऱ्या पोरालाही कळायचं नाही. ते आपलं इंग्रजी ओळीखाली देवनागरी लिहून घ्यायचं, पंधरा दिवस घोकायचं आणि त्या दिवशी डोळे छताला लावून एका दमात संपवायचं. एका वर्षी तर पाहुणे आलेच नव्हते, तरी पोरानं रिकाम्या खुर्चीकडे हात करून, आपला अमूल्य वेळ काढून आल्याबद्दल त्यांचे आभार मानले होते. मांडवात कोणी हसलंसुद्धा नाही, कारण कोणाला समजलंच नव्हतं. सर तेवढे विंगेत घामाघूम झाले होते.

यंदाचं संमेलन सरांचं शेवटचं. मे महिन्यात ते निवृत्त होणार होते. आणि यंदा प्रमुख पाहुणे त्यांनी स्वतः ठरवले होते : त्यांचे कॉलेजातले इंग्रजीचे प्राध्यापक, डॉक्टर गोसावी. आता वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम नांदगावला मुलीकडे. सरांनी तीन वेळा फोन केला, एकदा स्वतः जाऊन पाय धरले, तेव्हा कुठे म्हातारबुवा हो म्हणाले.

त्यामागं एक जुनं दुखणं होतं. सर सटाण्याकडच्या खेड्यातले. घरात अहिराणी, शाळेत मराठी, आणि इंग्रजी म्हणजे परीक्षेपुरतं. तालुक्याच्या कॉलेजात पहिल्याच महिन्यात गोसावींनी त्यांना उभं केलं. सरांनी जमेल तसं उत्तर दिलं, मध्ये घाबरून ‘इज’ऐवजी अहिराणीतला ‘शे’ गेला तोंडातून, आणि गोसावी हसत म्हणाले, “खैरनार, तुमचं इंग्रजी आत्ताच बैलगाडीतून उतरलेलं दिसतंय.” सगळा वर्ग हसला. गोसावींच्या मनात काही वाईट नव्हतं, ते दुसऱ्या दिवशी विसरलेही असतील. पण सर नाही विसरले. त्यांनी डिक्शनरी घेतली आणि अवघडातले अवघड शब्द पाठ करायला घेतले. ते शब्द म्हणजे त्यांचा कडक इस्त्रीचा कोट होता. तो अंगात असला की मग कोणाची हसायची छाती होत नसे. आता एकदाच, शेवटचं, गोसावी सरांनी समोर बसून ती तीन पानं ऐकावीत आणि मान डोलवावी, एवढीच त्यांची इच्छा होती. बत्तीस वर्षांच्या नोकरीत माणसानं एवढं मागितलं तर काही जास्त नाही.

तर यंदा ही तीन पानं गेली नववी ‘ब’मधल्या अंजली पगारेकडे. वडील धम्मपाल पगारे अंबडला एका कंपनीत मशिनवर, आई घरी शिवणकाम करणारी. अंजलीचा आवाज मोकळा, उच्चार स्वच्छ, आणि उभं राहण्यात भीती नाही. सरांनी तिला निवडलं त्या दिवशी धम्मपालनं कॉलनीत सगळ्यांना सांगून टाकलं आणि संमेलनाच्या दिवसासाठी शिफ्टही बदलून घेतली.

पण पोरीत एक खोड होती. ती अर्थ विचारायची.

“सर, ल्युमिनरीज म्हणजे?”

“मोठी माणसं.”

“मग मोठी माणसंच का नाही म्हणायचं?”

“अंजली, पाठ कर. अर्थ मागाहून येतो.”

सर हे दरवर्षी म्हणायचे. मागाहून अर्थ आल्याचं कोणी येऊन सांगितलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

अंजलीनं पाठ केलं. घरी म्हणून दाखवायची तेव्हा सुरळीत जायचं. पण शाळेत, समोर चार माणसं दिसली, की तिसऱ्या ओळीवर गाडी अडायची. एक शब्द निसटला की पुढचं सगळं निसटायचं, कारण पुढचं काय असणार हे तिला माहीतच नव्हतं. मग परत पहिल्यापासून. असं तीन वेळा झालं. सराव बघायला संस्थेचे सचिव शेखर निकम येऊन बसले होते. त्यांना सगळे शेखरभाऊ म्हणत. माणूस मनानं चांगला, पण घाईचा.

“खैरनार सर, चार दिवस राहिले. ती ‘अ’मधली निकिता आहे ना, चौथीपर्यंत इंग्रजी शाळेत होती. तिला द्या. फाडफाड बोलते.”

अंजली तिथंच उभी होती. तिनं कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. रडली नाही.

“उद्यापर्यंत बघतो,” सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सर तिला शोधत वर्गात गेले, तर ती एकटीच मागच्या बाकावर वहीत काहीतरी लिहीत बसलेली. सरांना बघून तिनं वही झाकली. सरांनी हात पुढे केला. इतक्या वर्षांच्या सवयीचा हात तो. वही आपोआप त्यात आली.

पानावर इंग्रजीत सात-आठ ओळी होत्या. ‘गुड ईव्हनिंग, एव्हरीवन. माय नेम इज अंजली पगारे. आय स्टडी इन क्लास नाइन. टुडे इज अवर ॲन्युअल डे. वी आर व्हेरी हॅपी. डॉक्टर गोसावी सर केम फ्रॉम नांदगाव. नांदगाव इज फार. थँक यू फॉर कमिंग, सर.’

सरांचा पारा चढला. “हे काय आहे? हे पाचवीचं इंग्रजी आहे! कोण येणार आहेत ठाऊक आहे का तुला? इंग्रजीचे डॉक्टर आहेत ते. त्यांच्यापुढे नांदगाव इज फार? ते विचारतील, खैरनार, बत्तीस वर्षं हेच शिकवलं का तुम्ही?”

आवाज व्हरांड्यापर्यंत गेला. दारावरून जाणारी दोन मुलं पळाली. अंजली उभी राहिली होती. खाली मान घालून ती म्हणाली, “सर, तुमचं भाषण मला पाठ आहे. पण ते म्हणताना मी कोणाशी बोलतेय असं वाटतच नाही. हे म्हणताना वाटतं.”

सर वही बाकावर टाकून निघून गेले.

स्टाफरूममध्ये चहा आला, तो तसाच राहिला. सरांना राग येत होता, आणि नेमका कोणाचा ते काही उमगत नव्हतं. पोरीचा म्हणावा, तर पोरीनं खोटं काही सांगितलं नव्हतं. त्यांना आपलीच गोष्ट आठवत राहिली. कॉलेजात त्या दिवशी सगळे हसले, त्याआधी आपण काय बोललो होतो? आपण गोसावी सरांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. मोडकंतोडकं, पण स्वतःचं. त्यानंतर आयुष्यात कधी आपण इंग्रजीत स्वतःचं वाक्य बोललो? निबंध शिकवले, पत्रं शिकवली, शेकडो पोरांना पास केलं. बोलायची वेळ आली की फाइल काढली. हा विचार त्यांना फार लागला.

शेवटच्या तासाला शेखरभाऊंचा निरोप आला : निकिताला पाठवू का? सरांनी शिपायाकरवी उलट निरोप धाडला, की भाषण अंजलीच करेल. मग शाळा सुटल्यावर त्यांनी अंजलीला थांबवून घेतलं आणि तिच्या घरी फोन करून कळवलं.

“तुझी वही काढ,” ते म्हणाले. दुपारच्या रागाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. शिक्षकांना ती सहसा नसते.

मग दोघं बसले. आणि इथं मात्र सर खरे मास्तर होते. “हे बघ, एका वाक्यात एकच गोष्ट. लांब वाक्य घेतलंस की श्वास संपतो आणि श्वास संपला की भीती वाटते. आधी सगळ्यांना नमस्कार, मग स्वतःचं नाव. मग पाहुणे. त्यात क्रम चुकवायचा नाही : आधी प्रमुख पाहुणे, मग संस्थेचे अध्यक्ष, मग सचिव, मग मुख्याध्यापिका आहेर मॅडम, मग शिक्षक, पालक आणि शेवटी विद्यार्थी. प्रत्येकाचं नाव घेतलं की थांबायचं. त्यांच्याकडे बघायचं. मग ‘वी वेलकम यू’ म्हणायचं. लोक टाळ्या वाजवतील, त्या संपेपर्यंत पुढं जायचं नाही. पाहुण्यांबद्दल दोन-तीन वाक्यं बोलायची, कौतुकाची पण खरी. आणि शेवटी सगळ्यांना म्हणायचं, कार्यक्रमाचा आनंद घ्या. झालं. दोन मिनिटांच्या वर नाही.”

“आणि विसरले तर सर?”

“विसरायला आहे काय त्यात? तुला जे सांगायचंय तेच आहे.”

हे वाक्य आपल्याच तोंडून निघालं याचं सरांना आश्चर्य वाटलं. ‘नांदगाव इज फार’ त्यांनी ठेवलं. पुढं फक्त एक वाक्य घातलं : ‘बट यू केम फॉर अस.’ तरी घरी जाताना स्कूटरवर त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. गोसावी सरांसमोर आपली सगळी अब्रू आता या दहा-बारा बारक्या वाक्यांवर होती.

संमेलनाचा दिवस उजाडला. संध्याकाळी पाचची वेळ, मैदानात मांडव, थंडी मी म्हणत होती. पालक स्वेटर-शाली घालून साडेचारपासून खुर्च्या धरून बसलेले. धम्मपाल तिसऱ्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, मोबाइल हातात तयार. स्टेजवर समई, हार, शाल, श्रीफळ, गुलाबाची फुलं. सर कोट घालून फाटकापाशी पाहुण्यांची वाट बघत उभे.

सव्वापाचला फोन आला. गोसावींच्या मुलीचा. मनमाडजवळ गाडी बंद पडली होती, गॅरेजवाला म्हणत होता दोन तास तरी लागतील, आणि बाबांना थंडी बाधेल म्हणून ती त्यांना दुसऱ्या गाडीनं परत घरी नेत होती. बाबा फार हळहळत होते, असं ती म्हणाली. सरांनी “काही हरकत नाही, त्यांना जपा,” असं दोनदा म्हटलं आणि फोन ठेवला. मग ते थोडा वेळ फाटकाच्या खांबाला टेकून उभे राहिले. आयुष्यभराचा हिशेब आता चुकता होणार नव्हता, एवढं त्यांना कळलं. रडू नाही आलं, पण जवळपास तसंच काहीतरी आलं.

गाडी बंद पडल्याची बातमी आत गेली, स्टेजमागं मुलांमध्येही पसरली आणि शेखरभाऊंची धावपळ सुरू झाली. साडेपाच झाले, मुलं नाचाचे कपडे घालून कुडकुडतायत, प्रमुख पाहुण्यांची खुर्ची रिकामी. त्यांनी आहेर मॅडमना बाजूला घेतलं, दोन मिनिटं कुजबुज झाली, आणि शेखरभाऊ तरातरा येऊन सरांचा दंड धरून म्हणाले, “चला सर, बसा.”

“कुठं?”

“कुठं म्हणजे काय? खुर्चीत. तुमचं शेवटचं वर्ष. तुमच्याहून मोठा पाहुणा आता आम्ही कुठून आणू? मॅडमचंही तेच म्हणणं आहे.”

“अहो पण मला स्टेजमागं बघायचंय. अंजलीला सांगायला हवं. तिच्या भाषणात नाव—”

“सगळं होतं व्यवस्थित. चला.”

सर अक्षरशः ओढले गेले. दीपप्रज्वलन झालं, ईशस्तवन झालं, स्वागतगीत झालं. सर त्या उंच पाठीच्या खुर्चीत अवघडून बसले होते आणि त्यांचे डोळे विंगेत अंजलीला शोधत होते. अंजली माइकच्या अलीकडे उभी होती, दोन वेण्या, गणवेश, हातात कागद. कागदावर गोसावी सरांचं नाव, नांदगाव, सगळं तसंच. सरांनी बोटानं खूण करायचा प्रयत्न केला. तिचं लक्ष नव्हतं. सरांच्या डोळ्यांपुढं ती जुनी रिकामी खुर्ची आली आणि तळव्यांना घाम फुटला. आता पोरगी भरल्या मांडवात खैरनारकडे बघून वेलकम डॉक्टर गोसावी म्हणणार, आणि यंदाचं इंग्रजी सोपं असल्यामुळे ते सगळ्यांना कळणार.

निवेदिकेनं नाव पुकारलं. अंजली माइकपाशी आली. तिनं कागदाकडे पाहिलं, मग खुर्चीकडे पाहिलं. मग कागदाची घडी करून ती मुठीत धरली.

“गुड ईव्हनिंग, एव्हरीवन. माय नेम इज अंजली पगारे. आय स्टडी इन क्लास नाइन. टुडे इज अवर ॲन्युअल डे. वी आर व्हेरी हॅपी.”

ती थांबली. तीन वेळा सरावात अडलेली हीच मुलगी. शेखरभाऊंनी श्वास रोखला.

“अवर गेस्ट डॉक्टर गोसावी सर कुड नॉट कम. हिज कार स्टॉप्ड. वी होप ही इज वेल.” मग ती वळली. “टुडे अवर चीफ गेस्ट इज खैरनार सर.”

नाव ऐकताच सर ताडकन उभे राहिले. हजेरीला मुलं राहतात तसे. मांडवात हशा पिकला. अंजलीही हसली आणि माइकमध्येच म्हणाली, “सर, प्लीज सिट डाऊन. टुडे आय विल स्पीक.”

सर बसले. टाळ्या पडल्या आणि ती शिकवल्याप्रमाणे त्या संपेपर्यंत थांबली.

“सर इज अवर इंग्लिश टीचर. धिस इज हिज लास्ट ॲन्युअल डे. ही गेव्ह मी अ बिग स्पीच. आय कुड नॉट स्पीक इट. बट ही डिड नॉट गेट अँग्री. ही सॅट विथ मी. ही सेड, से व्हॉट यू वॉन्ट टू से. सो आय वॉन्ट टू से, थँक यू, सर. वी लव्ह यू. वी वेलकम यू.”

यातलं एक वाक्य धडधडीत खोटं होतं. सर रागावले होते, व्हरांड्यात ऐकू जाईल इतके रागावले होते, आणि हे अंजलीइतकंच सरांनाही ठाऊक होतं. पोरीनं भर मांडवात, कोणी न सांगता, त्यांच्यावर पांघरूण घातलं होतं.

पुढं तिनं क्रमानं अध्यक्षांचं स्वागत केलं, शेखरभाऊंचं केलं, आहेर मॅडमचं, शिक्षकांचं केलं. पालकांकडे वळून ती म्हणाली, “डिअर पेरेंट्स, यू वर्क ऑल डे. टुडे प्लीज सिट अँड एन्जॉय.” तिसऱ्या रांगेत धम्मपालचा मोबाइल खाली आला होता, रेकॉर्डिंग करायचं सोडून तो नुसता ऐकत होता. सगळं कळत होतं त्याला. आजूबाजूच्या बायाही माना हलवत होत्या. एक आजी शेजारणीला म्हणाली, “आपल्याला बसा म्हणती ती.” सरांनी हे सगळं स्टेजवरून पाहिलं. चोवीस वर्षं ते विंगेत उभे असत, त्यामुळे भाषण ऐकताना लोकांचे चेहरे कसे होतात हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

मग सत्कार झाला. आहेर मॅडमनी शाल घातली, शेखरभाऊंनी नारळ दिला, अंजलीनं गुलाबाचं फूल दिलं आणि हळूच विचारलं, “सर, चुकलं का काही?” सरांनी नकारार्थी मान हलवली.

आणि निवेदिकेनं जाहीर केलं, की आता प्रमुख पाहुणे आपलं मनोगत व्यक्त करतील.

सर माइकपाशी गेले. कोटाच्या खिशात चष्म्याशिवाय काही नव्हतं. अंजली स्टेजच्या पायरीवर थांबून त्यांच्याकडे बघत होती. मराठीत बोलायला त्यांना कोणी अडवलं नव्हतं, आणि मराठीत त्यांनी वेळ मारूनही नेली असती. पण ती इंग्रजीत बोलली होती, तेव्हा उत्तर इंग्रजीतच द्यायला हवं होतं, आणि ते स्वतःचं हवं होतं. सरांनी दोन्ही हातांनी माइकचा दांडा धरला.

“थँक यू, अंजली,” ते म्हणाले. मग पायरीकडे वळले. “आय वॉज अँग्री. आय ॲम सॉरी.”

एवढंच बोलून पुंजाराम खैरनार खुर्चीकडे परतले. पार शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ते समजलं, आणि थोडा वेळ मांडवात टाळ्या वाजवायचं कोणाला सुचलं नाही.